गंजगोलाईतला अंध माणूस

नांदेड-लातूरकडच्या लघुपटवाल्या पोरांशी बोलताना एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. “पात्र अंध आहे म्हणून अंध माणसाला विचारायचं, तर उद्या पात्र खुनी असलं की तुरुंगात जायचं का? कल्पनाशक्ती कशासाठी असते?”

टाळी घेणारं वाक्य आहे, पण टिकणारं नाही. सोयाबीनची काढणी वैशाखात दाखवली तर लातूरचा प्रेक्षक जागेवर हसेल, कारण चूक त्याला दिसते. अंध माणसाच्या चित्रणातली चूक आपल्यापैकी बहुतेकांना दिसतच नाही. मग नट काळा चष्मा लावतो, हात पुढे करून चाचपडतो, नायिकेचा चेहरा बोटांनी ‘पाहतो’ आणि आपण डोळे पुसतो. ही कल्पनाशक्ती नव्हे, दुसऱ्या सिनेमांची उसनवारी आहे.

सई परांजपे यांनी १९८० च्या ‘स्पर्श’मध्ये ही उसनवारी टाळली. नसीरुद्दीन शाहांचा अनिरुद्ध हा अंधशाळेचा मुख्याध्यापक. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेचे अंध मुख्याध्यापक मित्तल यांच्यावरून तो बेतला होता, आणि शाळेतली मुलंही पडद्यावर होती. म्हणून अनिरुद्ध गोडगोड झाला का? उलट तो ताठ आहे, दयेचा वास आला की तुसडा होतो, प्रेमातही संशय घेतो. विचारून लिहिलं की पात्र संत होतं ही भीती तिथंच खोटी ठरते.

आता आपल्याकडचा प्रसंग घेऊ. समजा, लघुपटातला अंध तरुण लातूरची गंजगोलाई ओलांडतो. आपण लिहून टाकतो, ‘तो काठी टेकत जातो.’ कशी टेकत? लांब पांढरी काठी शरीराच्या मध्यावर धरून डावी-उजवीकडे फिरवतात. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे असतं, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधी तपासली जाते. नटाचं पाऊल आणि काठी एकाच बाजूला पडली की जाणकाराला खोटेपणा लगेच कळतो.

पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. सरळ रस्त्यावर बाजूनं धावणाऱ्या गाड्यांच्या आवाजाला समांतर राहून चालीची दिशा धरता येते. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि वाहतूक गोल फिरते. आवाज सतत वळत राहतो, धरायला सरळ रेषाच उरत नाही. मग दुकानांच्या कडेनं जावं, तर तिथं हातगाडे. कुठल्या रस्त्याशी आलो, हे मिरची-गुळाच्या वासावरून, दुकानांतल्या आवाजांवरून ओळखायचं. आणि रात्री दुकानं बंद झाली की? नेहमीच्या खुणा गेल्या, रोजचा रस्ता परका झाला. इतक्यात कुणी भला माणूस न विचारता त्याचा दंड धरून ओढतो आणि उरलीसुरली दिशाही जाते. खरं तर त्यानं स्वतःचं कोपर द्यायचं, अर्धं पाऊल पुढं चालायचं. दहा मिनिटांच्या लघुपटाला एवढं नाट्य पुरे. करुण पार्श्वसंगीताची गरजच काय?

“पण कोर्टानं हात बांधलेत,” ही दुसरी ओरड. सर्वोच्च न्यायालयाचा ८ जुलै २०२४ चा निपुण मल्होत्रा खटल्यातला निकाल वाचला तर ती विरते. ‘आंख मिचौली’ या चित्रपटाविरुद्धच्या त्या याचिकेत न्यायालयानं चित्रपटात हस्तक्षेप केला नाही. चित्रणासाठी मार्गदर्शक सूत्रं मात्र घालून दिली. अपंगत्व समजून घेण्यासाठी केलेला विनोद आणि अपंगाला हिणवणारा विनोद यांत फरक केला. रातांधळेपणासारख्या स्थितीची वैद्यकीय माहिती नीट घ्या, आणि अपंगांना सोबत घेऊन काम करा, असं सांगितलं. यात हात कुठं बांधले?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: कुणा एकाला विचारलं म्हणजे सगळ्या अंधांना विचारलं असं होत नाही. जन्मांध माणसाला रंगाची आठवण नसते, पंचविशीत दृष्टी गेलेल्याला ती छळते. म्हणून आपल्या पात्राच्या जातकुळीची निदान दोन माणसं शोधावीत. त्यांचं पटलं नाही तर निर्णय लेखकानंच घ्यावा, पण कशावर पटलं नाही ते आधी नीट ऐकावं.

आणि संहिता त्यांना शूटिंगच्या आधी द्यावी, नंतर फक्त कौतुक मिळतं. ती युनिकोडमध्ये टाइप केलेली हवी. आपल्याकडच्या डीटीपी सेंटरमधल्या जुन्या फॉन्टची फाइल स्क्रीन रीडर वाचायला लागला की निव्वळ अगम्य अक्षरं ऐकू येतात. स्कॅन केलेली पानं पाठवली तर बऱ्याचदा तेवढंही नाही. कच्चं संकलन झालं की शेजारी बसून, संवाद नसलेल्या जागी काय दिसतंय ते सांगत ऐकवावं. या कामाला मानधन असतं. कॅमेऱ्याचं भाडं ज्या वहीत लिहिता, तिथंच तेही लिहा, चहापाण्याच्या खात्यात नको.