गोठलेले मांस ओट्यावर नको!

विद्यार्थी मित्रांनो, फ्रीजरमधली कोंबडीची एक किलोची पिशवी सकाळी ओट्यावर काढून ठेवायची आणि दुपारी शिजवायची, ही अनेक घरांतली पद्धत. ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे.

एक किलो मांसात सुमारे ७०० ग्रॅम पाणी असते. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे नुसते बर्फ वितळायलाच ५६,००० कॅलरी हव्यात. ही उष्णता बाहेरून आत जाते. पण बर्फापेक्षा पाणी उष्णतेचे सुमारे चौपट मंद वाहक आहे. त्यामुळे बाहेरचा थर सुटला की तोच आतल्या बर्फाला पांघरुणासारखा जपतो. गाभा शून्य अंशावर असतो, तेव्हा पृष्ठभाग त्यापेक्षा बराच ऊबदार झालेला असतो.

गोठल्याने जीवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात ते वाढतात. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६! "शिजवल्यावर मरतीलच की," असे कोणी म्हणेल. जीवाणू मरतील, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूने तयार केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही.

मग करावे काय? उत्तम मार्ग फ्रिजचा. आदल्या दिवशीच पिशवी खोलगट ताटलीत घालून खालच्या फळीवर ठेवा, म्हणजे तिचे पाणी इतर पदार्थांवर ठिबकणार नाही. दिवसभर लागेल, पण पृष्ठभाग ४-५ अंशांवर जाणार नाही.

घाई असेल तर थंड पाणी वापरा. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पट चांगले वाहक असल्याने एक किलोचे काम साधारण दोन तासांत होते. पिशवी न गळणारी हवी आणि पूर्ण बुडलेली हवी. दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ते का, हेही हिशेबाने कळते: ५६,००० कॅलरी देताना पाच लिटर पाणी सुमारे ११ अंशांनी उतरते, आणि जसजसे ते गार होते तसतसा वितळण्याचा वेग मंदावतो. मात्र गरम पाणी कधीही घेऊ नका. त्याने ओट्याचाच दोष पुन्हा येतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच कोमट असते. अशा वेळी त्यात बर्फ टाका किंवा सरळ फ्रिजचाच मार्ग धरा. पाण्यात सोडवलेले मांस लगेच शिजवावे. न शिजवता पुन्हा गोठवू नये.

पिशवी दाबून पाहा. मधे कडक गाठ लागली तर गाभा अजून गोठलेला आहे. ओट्यावरच्या पिशवीतही ती गाठ लागते, आणि "अजून गारच आहे" असे समजून आपण निर्धास्त होतो. फसगत होते ती तिथेच, कारण धोका गाभ्यात नसून पृष्ठभागावर असतो.