‘पुढच्या रविवारी’ म्हणजे कधी?

ताईच्या लग्नाला मोठी आत्या आली नाही, आणि चूक माझी होती. फॅमिली ग्रुपवरचा मेसेज मीच लिहिला होता: “पुढच्या रविवारी आमच्या ताईचं लग्न, सगळ्यांनी नक्की या!” खाली पत्रिकेचा फोटो. आत्या ग्रुपवर नाही. चुलतभावाने तिला तो मेसेज लग्नाच्या आठवड्यातल्या सोमवारी पाठवला. फोटो तिच्या फोनवर उघडलाच नाही. तिने ‘पुढचा रविवार’ वाचला आणि एक आठवडा पुढे मोजला. लग्नानंतर ती एवढंच म्हणाली, “बोलवायचं होतं तर नीट बोलवायचं रे.”

तेव्हापासून माझा फॉरवर्ड करणाऱ्यांशी वाद नाही. माझा वाद लिहिणाऱ्याशी आहे. आपला मेसेज दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्या दिवशी वाचला जाणार हे तो विसरतो. ‘उद्या’, ‘पुढच्या’, ‘आमची ताई’ हे शब्द पाठवणारा बदलला की खोटे ठरतात. त्याच चुलतभावाच्या सासरी लोकांना वाटलं, लग्न त्याच्याच सख्ख्या बहिणीचं!

धाकट्या बहिणीच्या वेळी मी साधा मजकूर लिहिला:

*मीरा व अद्वैत यांचा विवाह*
रविवार, ७ डिसेंबर २०२५
लग्न सकाळी ११:४०, जेवण १२:३० पासून
स्थळ: (कार्यालय, जवळची खूण, सांगली)
आपण सहकुटुंब अगत्य यावे, ही नम्र विनंती. कृपया आहेर आणू नये.
आपले नम्र: मीराचे आई-बाबा
संपर्क: (मीराच्या काकांचा नंबर)

यात ‘मी’ कुठेच नाही, म्हणून तो कोणीही पुढे पाठवला तरी निमंत्रण आई-बाबांचंच राहतं. ‘आपण’ आजोबांना चालतं आणि कॉलेजातल्या भावंडांनाही खटकत नाही. वार आणि तारीख दोन्ही आहेत, त्यामुळे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून कळते. नंबर मजकुरात असला की त्यावर बोट ठेवून फोन लावता येतो. फोटोतल्या नंबरासाठी आत्याला कागद-पेन शोधावं लागतं. पत्रिकेचा फोटो हौसेने पाठवा, पण वेगळा आणि नंतर. एकुलता एक आधार म्हणून नको.

“हे फार कोरडं झालं,” असं बहीण म्हणाली. तिला इमोजी आणि काउंटडाउन हवं होतं. मी म्हटलं, जिव्हाळा मेसेजमध्ये कोंबायचा नसतो, तो फोन करून द्यायचा असतो. व्हॉट्सॲप फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी पाटीच लावतं, आणि ती पाटी सत्तरीच्या माणसाला बरोबर दिसते. म्हणून थोरांना मजकूर कॉपी करून पाठवायचा, वर स्वतःच्या हाताने ‘आत्या, नमस्कार’ लिहायचं आणि मग फोन करायचा.

या वेळी आत्या आदल्या दिवशीच आली. पिशवीत मोदक होते, आणि आहेराचं पाकीटही. मजकुरातली तेवढी एक ओळ तिने वाचलीच नाही म्हणे.