बोबडे बोल आणि शुद्ध भाषा



गेल्या महिन्यात अकोल्यास मुलीकडे गेलो होतो. विहीणबाई दहा महिन्यांच्या नातवाला वरणभात भरवीत होत्या. "चमचा! कुठी हाय चमचा? हा पाह्य चमचा!" त्यांचा स्वर उंच, लय संथ, प्रत्येक वाक्यानंतर थोडा विराम. जावईबापूंना हे रुचले नाही. "अशाने मुलाची भाषा बिघडते, शुद्ध बोलावे," असे ते म्हणाले. विहीणबाई गप्प झाल्या आणि बाळाचे भरवणेही निःशब्द झाले.

या वादात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली गोष्ट शब्दांची. भूभू, काऊ, मम्मम, बाऊ, भुर्र हे शब्द बाळ निर्माण करीत नाही. सोपे ध्वनी घेऊन आणि अक्षरांची पुनरुक्ती करून मोठ्यांनीच ते घडविले व पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिले. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतील या बालबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली. त्यांत मराठीही होती.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या रीतीची. आपल्या बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. बाळाला तो एक अखंड प्रवाह ऐकू येतो. त्यातून शब्द वेगळा काढणे हे त्याचे पहिले काम. मराठीत तर 'चमचा' हाच शब्द 'चमच्याने', 'चमच्यात' असा रूप पालटतो. विहीणबाईंनी मूळ रूप तीनदा उच्चारले, तेही विरामाच्या कडेला. बाळाच्या कानाला शब्दाची सीमा तेथे सापडते.

मग घरात दिवसभर चालणारे बोलणे पुरत नाही का? अमेरिकेतील स्पॅनिशभाषक २९ कुटुंबांतील बाळांभोवतीचे बोलणे दिवसभर ध्वनिमुद्रित करून त्याचा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांशी थेट अधिक बोलले गेले, त्यांचा शब्दसंग्रह दोन वर्षांच्या वयात मोठा होता. नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा तसा संबंध दिसला नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड असलेल्या घरांनी हे ध्यानी घ्यावे. गिऱ्हाइकांशी चाललेला भावताव बाळाच्या खाती जमा होत नाही.

मर्यादाही आहे. सामोआ बेटांवर बाळांशी अशा लडिवाळ भाषेत बोलण्याची रीत नाही, तरी तेथील मुले भाषा शिकतात. म्हणजे ही रीत अनिवार्य नव्हे, साहाय्यक आहे.

जावईबापूंचे म्हणणेही एका अंशी खरे. बाळ 'तमता' म्हणाले तर आपणही 'तमता' म्हणू नये आणि रागावूही नये. "हो, चमचा हवा का?" एवढे म्हणून उत्तरासाठी थांबावे. मात्र हाक मारूनही बाळ वळत नसेल, तर लाडाच्या बोलण्याला दोष न देता प्रथम त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

निघण्याच्या आदल्या रात्री दुकान वाढवून जावईबापू वर आले आणि बाळासमोर बसले. "दिवा! कुठे आहे दिवा?" शब्द अगदी शुद्ध होता, सूर मात्र विहीणबाईंचा.