शिलाई मशीन दिलं, पुढे काय?

रमजान संपत आला की आमच्या मोहल्ल्यात एक फोटो निघतो. शादीखान्यात टेबलावर ओळीनं शिलाई मशिनी, मागं बुरख्यातल्या बायका, पुढं कमिटीची माणसं. त्या फोटोत एके वर्षी मीही उभा होतो. जकातीच्या पैशातून २४ मशिनी घेतल्या होत्या, प्रत्येकी साडेसात हजारांच्या, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये. अहवाल मीच लिहिला आणि त्यात ‘२४ कुटुंबे स्वावलंबी झाली’ असं वाक्य घातलं. मशिनींना तेव्हा अजून तेलही घातलं नव्हतं.

हे वाक्य खोटं का होतं, ते मला नंतर एका प्रशिक्षणात कळलं. तिथं लॉजिक मॉडेल शिकवलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेसाठी त्याचं एक रूप तयार झालं आणि आज बहुतेक मोठ्या देणगीदार संस्था अशाच तक्त्यावर हिशेब मागतात. नाव जड असलं तरी गोष्ट चार घरांची आहे. पहिल्या घरात इनपुट, म्हणजे आपण काय घातलं: पैसे, माणसं, वेळ. दुसऱ्यात आउटपुट, म्हणजे आपल्या हातून काय बाहेर पडलं: २४ मशिनी. तिसऱ्यात आउटकम, म्हणजे घेणाऱ्याच्या आयुष्यात काय बदललं: बाई शिवते का, महिन्याला हातात काय उरतं. चौथ्यात इम्पॅक्ट, म्हणजे काही वर्षांनी काय राहिलं: त्या घराला पुन्हा जकात मागावी लागली का, मुलगी शाळेत टिकली का.

खरी मेख दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मधे आहे. आउटपुट आपल्या ताब्यात असतं. पैसे दिले की दुकानदार मशीन देतोच. आउटकम मात्र दुसऱ्याच्या घरात घडतं. मधे आपण न बोलता काही गोष्टी धरून चाललेलो असतो. बाईला शिवता येतं, तिला वेळ आहे, गल्लीत शिवणकाम मिळतं, आणि आपण दिलेल्या मशिनीवर ते काम होतं. यातली एक जरी खोटी निघाली तरी साखळी तिथंच तुटते. आमच्या अहवालानं दुसऱ्या घरातली गोष्ट उचलून थेट चौथ्यात ठेवली होती.

आठ महिन्यांनी मी आणि आमच्या एक आपा, आम्ही घरोघर गेलो. ‘मशीन चालू आहे ना?’ असं विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. देणाऱ्याला कोण नाही म्हणणार? म्हणून आपांनी वेगळं विचारलं: ‘गेल्या आठवड्यात काय शिवलंस? कुणाचं? किती मिळाले?’ उत्तरं बदलली. सात जणींकडे नियमित काम होतं. पाच जणी घरचेच कपडे शिवत होत्या. चार मशिनींवर कपड्यांचे ढीग होते. सहा विकल्या किंवा गहाण गेल्या होत्या. दोन कुटुंबं गाव सोडून गेली होती.

कारणंही तिथंच सापडली. आमच्या भागात मागणी होती ती साडीच्या पिकोची आणि कारखान्यातल्या जुकी मशिनीवरच्या कामाची. आम्ही दिलेल्या पायमशिनीवर सरळ टीप पडते, पिको होत नाही. खरेदीच्या आधी गल्लीतल्या दोन टेलरांना विचारलं असतं तरी कळलं असतं.

ज्या सात जणी कमावत होत्या, त्यांचाही हिशेब नीट मांडावा लागतो. एकीला महिन्याला २,४०० रुपये मिळत. दोरा, सुया आणि माल आणायच्या रिक्षाचे ५०० गेले, उरले १,९००. पण मशीन येण्याआधी ती पापड लाटून १,२०० मिळवायची, ते काम तिनं सोडलं. म्हणजे मशिनीमुळे बदल झाला तो ७०० रुपयांचा. ‘मशीन नसतं तर काय झालं असतं?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय आउटकमचा आकडा पुरा होत नाही. आमच्याकडे असे अर्ज होते ज्यांना पैसे संपल्यामुळे मशीन देता आलं नव्हतं. त्यांनाही तेच प्रश्न विचारायला हवे होते, तुलना तिथं होती. ते आम्हाला सुचलं नाही.

कमिटीत मी हे मांडलं तेव्हा एक बुजुर्ग नाराज झाले. त्यांचं म्हणणं असं की जकात हकदाराच्या मालकीची केली, तमलीक झाली, आपला फर्ज अदा झाला. पुढचं अल्लाह जाणे, गरिबाच्या घरात डोकावणारे आपण कोण? त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. विकलेल्या सहा मशिनींपैकी एक बाई आम्हाला पाहून आतल्या खोलीत गेली. नवऱ्याच्या ऑपरेशनला तिनं मशीन विकलं होतं आणि तिला वाटलं आम्ही जाब विचारायला आलो. मशीन तिचं होतं, तिनं योग्यच केलं. शरमेनं मान खाली घालायची ती आम्ही. तिला दवाखान्याचे पैसे हवे होते आणि आम्ही फोटोत चांगली दिसणारी वस्तू दिली. ही तपासणी घेणारीची नाही, देणाऱ्याची आहे, हे आधी सांगितलं नाही तर ती चौकशी होते.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. फर्ज अदा झाल्यानं देणारा मोकळा होतो, घेणाऱ्याची गरज भागतेच असं नाही. अबू दाऊदच्या संग्रहात हजरत अनस यांची एक रिवायत आहे. तिच्या सनदीबद्दल मुहद्दिसांचे मतभेद आहेत, पण आपल्या वाअजांमध्ये ती नेहमी ऐकू येते. मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातलं कापड आणि पेला पैगंबरांनी (स.) दोन दिरहमला विकून दिला. एका दिरहमचं घरच्यांना अन्न आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला लावली, तिला दांडा स्वतः बसवला, आणि लाकडं तोडून विक, पंधरा दिवसांनी ये, असं सांगितलं. तो आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

आपण ही गोष्ट मेहनतीची म्हणून सांगतो. मला आता तिच्यात दुसरंच दिसतं. आधी घरात काय आहे हे विचारलं गेलं. अवजारासोबत पोटाची सोय झाली, म्हणून कुऱ्हाड विकायची पाळी आली नाही. आणि पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलं गेलं. कुऱ्हाड हातात दिली तिथं हिशेब थांबला नाही.

यंदा आम्ही मशिनी कमी घेतल्या, त्यातल्या काही पिकोच्या. दोघींनी रोख मदत मागितली, ती दिली. तिसऱ्या आणि आठव्या महिन्यात आपा जाणार आहेत, या वेळी यादीत राहून गेलेल्यांकडेही. यातून मोहल्ल्याची गरिबी हटली असा दावा आम्हाला कधीच करता येणार नाही. दोन-तीन डझन घरांवरून तो निघत नाही, आणि चौथ्या घरात मजुरीचे दर, आजारपण, शाळा असं बरंच काही येतं जे कमिटीच्या हातात नाही. म्हणून ते घर अहवालात रिकामं ठेवलं आहे. फोटोही काढला नाही. एका सभासदानं विचारलं, मग देणगीदारांना दाखवायचं काय? मी म्हणालो, आठ महिने थांबायला सांगा.