म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला

केज येथील एका वाचकभगिनींनीं आपल्या घरच्या मोतीविषयीं आम्हांस सविस्तर पत्र लिहिलें आहे. मोती हा पामेरियन जातीचा, अकरा वर्षांचा व नऊ किलो वजनाचा. दोन महिन्यांपासून तो पहांटे आणि कोणी दारांत आलें म्हणजे कोरडा, ओढून काढल्यासारखा खोकतो. पशुवैद्यांनीं नळी लावून ऐकलें, तेव्हां छातीच्या डाव्या बाजूस 'मरमर' असल्याचें सांगितलें. 'हृदय बिघडलें म्हणजे छातींत पाणी झालें' असा तर्क करून घरच्या मंडळींनीं आजोबांच्या डब्यांतील फ्युरोसेमाइडची, म्हणजे लघवी वाढविणारी, अर्धी गोळी त्यास चार दिवस दिली. खोकला होता तसाच राहिला, मोती मात्र पाण्याच्या भांड्याजवळून हलेना व मलूल झाला. हें असें कां झालें, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरांतच या रोगाचें मर्म आहे.

हृदयाच्या डाव्या भागांत वरचा व खालचा असे दोन कप्पे असून त्यांच्यामध्यें दुहेरी पाळीची एक झडप असते. रक्त वरून खालीं यावें, परत वर जाऊं नये, एवढेंच तिचें काम. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयांत या पाळ्या जाड व गांठाळ होतात आणि नीट मिटत नाहींत. मग प्रत्येक ठोक्यास कांहीं रक्त उलट वरच्या कप्प्यांत उसळतें. त्या उलट्या धारेचा आवाज म्हणजेच मरमर. तिची तीव्रता एक ते सहा अशी मोजतात. मरमर ऐकूं आली म्हणजे हृदय थकलें, असें मात्र नव्हे. कित्येक कुत्रीं मरमर घेऊन वर्षानुवर्षें सुखानें जगतात व शेवटीं दुसऱ्याच कारणानें जातात.

आतां खोकल्याकडे वळूं. उलट येणाऱ्या रक्तानें वरचा कप्पा फुगत जातो. श्वासनलिकेची डावी शाखा नेमकी त्याच्या वरून जाते. ती खालून दाबली जाते व खोकला येतो. पुष्कळ पामेरियनांची श्वासनलिकाही वयानें मऊ पडून मिटूं पाहते, आणि गळपट्टा ओढला कीं हंसासारखा कर्कश आवाज निघतो. या दोन्ही प्रकारांत फुप्फुसांत पाण्याचा थेंबही नसतो. मग पाणी काढणाऱ्या औषधानें काय साधणार? फुप्फुसांत जें नाहीं तें काढण्याच्या भरांत त्यानें मोतीच्या अंगचेंच पाणी काढलें, म्हणून तो तहानेनें व्याकुळ झाला. अशा वेळीं मूत्रपिंडांवरही फुकट ताण पडतो.

तर मग फुप्फुसांत खरोखर पाणी झालें हें घरीं कळावें कसें? त्याची खूण खोकला नसून झोपेंतील श्वास ही आहे. कुत्रें गाढ झोपलें असतां छाती वर उचलून खालीं गेली कीं एक श्वास, असे घड्याळ लावून एक मिनिट मोजावे. नुकतें धांवून आलेलें, धापा टाकणारें किंवा स्वप्नांत पाय हलविणारें कुत्रें मोजूं नये. वैशाखांत केजच्या दुपारीं तर निरोगी कुत्रेंही जीभ काढून धापा टाकतें, तेव्हां पहांटेची वेळच बरी. तीसपेक्षां कमी श्वास हें सामान्य होय. तीसच्या वर गेल्यास तासाभरानें पुन्हां मोजावे. तरीही आंकडा वरच राहिला तर त्याच दिवशीं वैद्य गांठावा. कोपरें फांकवून बसणें, आडवें होण्यास नकार, जिभेवर निळसर झांक, यांतील कांहीं दिसलें तर मोजीत बसूं नये, तडक निघावें. घरांतील एखाद्या मुलाकडे हें मोजण्याचें काम द्यावें व भिंतीवरील कॅलेंडरावर रोजचा आंकडा लिहावा. मुलें हें काम मोठ्या माणसांपेक्षां नेमानें करतात, असा आमचा अनुभव आहे.

मोतीचे श्वास बावीस भरले. आमच्या सूचनेवरून त्याचें क्ष-किरण चित्र व हृदयाची सोनोग्राफी झाली. (मराठवाड्यांत परभणी व उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत, हें दूरच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) चित्रांत फुप्फुसें स्वच्छ दिसलीं, पण हृदय स्पष्ट वाढलेलें होतें. हृदय वाढलेलें नसतें, तर सहा ते बारा महिन्यांनीं पुन्हां तपासणें एवढाच उपचार. औषध कांहींच नाहीं. तें वाढलें आहे पण पाणी झालेलें नाहीं, या मधल्या पायरीवर मात्र पिमोबेंडन नांवाचें औषध उपयोगी पडतें. हृदयाच्या स्नायूंचें आकुंचन त्यानें जोमदार होतें व रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून रक्त पुढें जाण्यास सोपें होतें. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' नामक चांचणींत अशा 360 कुत्र्यांवर हें पारखलें गेलें. ज्यांस औषध मिळालें त्यांचें हृदय थकण्याची वेळ सरासरीनें सुमारें पंधरा महिने पुढें ढकलली गेली. झडप पूर्ववत् होत नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

मात्रा दर किलोस पाव मिलिग्रॅम किंवा किंचित् अधिक, दिवसांतून दोनदां. नऊ किलोच्या मोतीस ती अडीच मिलिग्रॅमची एक गोळी सकाळीं व एक संध्याकाळीं अशी पडली. ती जेवणापूर्वीं तासभर, रिकाम्या पोटीं द्यावी; भाकरी-दुधांत कुस्करून दिल्यास तिचा गुण उणावतो. खोकला राहिलाच तर त्यासाठीं वैद्य वेगळें औषध देतात, आणि गळपट्ट्याऐवजीं छातीपट्टा घातला तरी बराच फरक पडतो.

आठ महिन्यांनीं केजहून दुसरें पत्र आलें. कॅलेंडरावर चोवीस, तेवीस, पंचवीस असे चाललेले आंकडे दोन पहांटे एकतीस, अडतीस असे चढले होते. या वेळीं फुप्फुसांत खरोखरच पाणी होतें, आणि आतां तेंच फ्युरोसेमाइड मोतीस जीवदान देणारें ठरलें. दर किलोस सुमारें दोन मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसची अर्धी गोळी, दिवसांतून दोनदां. मात्रा आजोबांच्या अर्ध्या गोळीएवढीच. वेळ मात्र निराळी. जोडीस पिमोबेंडन चालू राहिलें आणि एनालाप्रिल व स्पायरोनोलॅक्टोन यांची भर पडली. आठ-दहा दिवसांनीं मूत्रपिंडांची व पोटॅशियमची रक्ततपासणी झाली. ही तपासणी कित्येक जण पैशांकरितां टाळतात. पण औषधाची मात्रा पुढें वाढवावी कीं उतरवावी, हें तिच्यावांचून ठरत नाहीं.

या पायरीनंतर कुत्रीं कांहीं महिने, कांहीं तर वर्ष-दोन वर्षें चांगलीं राहतात. लघवी फार होते म्हणून पाण्याचें भांडें उचलून ठेवूं नये. बाहेर नेण्याच्या खेपा वाढवाव्या. पापड, लोणचें, फरसाण हीं ताटांतून मोतीकडे सरकविणें बंद करावें, आणि हें पंक्तींतल्या पाहुण्यांसही बजावावें. लंगडतो म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी तर कदापि देऊं नये. वरील औषधांच्या जोडीला ती मूत्रपिंडें निकामी करूं शकते. सकाळीं उलटी वा जुलाब झाले, अन्न तुटलें, तर त्या दिवशीं फ्युरोसेमाइड देण्यापूर्वीं वैद्यास विचारावें.