‘ड्राय-फिट’ लिहिलंय, पण घाम खरंच सुकतो का?

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा परिसर असो की मंचरचा बाजार, ट्रॅक पँट आणि ‘ड्राय-फिट’ टी-शर्ट आता मैदानापुरते राहिलेले नाहीत. लेगिंग तर आपल्याकडे जिममधून आलीच नाही. ती कुर्त्याखाली, सलवारीच्या जागी आली. पेहराव बदलला याला हरकत नाही. पण पैसे नावाला नको, कापडाला द्या.

फरक काय?
सुती कापड घाम शोषून ओलंच राहतं. पॉलिस्टरचा तंतू पाणी जवळपास शोषतच नाही. चांगल्या ड्राय-फिटमध्ये तंतूंमधल्या बारीक फटींतून घाम बाहेर पसरतो आणि लवकर वाळतो. साध्या, घट्ट विणीच्या पॉलिस्टरमध्ये तो अंगावरच राहतो.

कसं ओळखाल?
दुकानदाराला विचारून कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. पटकन पसरला तर ठीक. मण्यासारखा तसाच राहिला तर नाव फसवं. काही कापडांना हा गुण रसायन लावून दिलेला असतो, तो धुण्यात उतरतो. म्हणून चार-पाच धुण्यांनंतर पुन्हा तपासा.

लेगिंगचं काय?
सुती लेगिंगला ताण देतो तो साधारण ५ टक्के इलास्टेनचा धागा. गरम पाणी, ब्लीच आणि कडक इस्त्रीने तो खराब होतो, मग गुडघ्यावर फुगा येतो. घेताना ताणून सोडा. लगेच मूळ मापावर आली पाहिजे.

आणि चुलीपाशी पॉलिस्टर नकोच. ते वितळून कातडीला चिकटतं. तिथे सुतीच बरं.