घर मालेगावात, मुलगा कॅनडात: म्हातारपणाची तजवीज कशी करावी?

कापडाच्या धंद्यात उधारीचा माल वसूल झाल्याशिवाय आम्ही तो नफ्यात धरत नाही. म्हातारपणाच्या हिशेबात मात्र आम्ही व्यापारी हा नियम विसरतो. "मुलगा टोरांटोत पक्का झाला आहे, आम्हालाही तिथले सरकार पेन्शन देईल," असे बोलणे बाजारात नेहमी कानी पडते. यातील हकीकत वाचकांनी समजून घ्यावी.

कॅनडाचे वृद्धापकाळ पेन्शन मुलाच्या कमाईवर नव्हे, तर स्वतःच्या वास्तव्यावर मिळते. वय ६५ झाले पाहिजे आणि १८ वर्षांनंतर किमान १० वर्षे तिथे कायदेशीर वास्तव्य पाहिजे. पूर्ण रकमेसाठी ४० वर्षे लागतात. आईवडिलांचा 'सुपर व्हिसा' एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू देतो, पण तो पाहुण्याचा परवाना आहे. त्यावर ना पेन्शन, ना सरकारी इलाज. उलट किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा स्वखर्चाने काढावा लागतो.

समजा, एक व्यापारी दुकान मुलांच्या चुलत्याकडे सोपवून ६२ व्या वर्षी कायम वास्तव्याचा परवाना घेऊन गेला. ७२ व्या वर्षी त्याला पूर्ण पेन्शनचा चौथा हिस्सा मिळेल. २०२५ च्या अखेरीस पूर्ण पेन्शन महिना सुमारे ७४० डॉलर होते, म्हणजे त्याच्या वाट्याला १८५. आता गावची ओढ लागली आणि तो सहा महिन्यांपेक्षा जास्त मालेगावात राहिला, तर ही रक्कमही थांबते. मायदेशी बसून ती मिळण्यासाठी २० वर्षांचे वास्तव्य लागते, म्हणजे त्याचे वय ८२. टोरांटो ज्या ऑन्टारियो प्रांतात आहे तिथला सरकारी आरोग्य विमा टिकवायचा, तर बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात हजर राहावे लागते.

इकडची बाजूही पाहावी. भारतातील नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी फक्त भारतातील इस्पितळांत चालते. "आता तिकडेच राहायचे" म्हणून लोक हप्ता बंद करतात. दोन वर्षांनी परत आले की नवीन पॉलिसीत मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागते. ७० वर्षांवरील वृद्धांना २०२४ पासून मिळणारे पाच लाखांचे आयुष्मान कार्डही इथल्याच इस्पितळांत कामी येते.

म्हणून आमचे मत असे की, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहणाऱ्याने परदेशी पेन्शन हिशेबात धरूच नये. रोजचा खर्च दुकानाच्या भाड्यावर किंवा धंद्यातील हिश्श्यावर बांधावा, विम्याचा हप्ता चुकवू नये आणि येण्याजाण्याच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात, कारण दोन्हीकडचे सरकार शेवटी दिवसच मोजते. आणि दुकान मुलांच्या नावावर करण्याची घाई तर मुळीच करू नये.